एकशे सहा दिवसांचं इतिवृत्त

घटनाक्रमाची पहिली ओळ कोणत्या वेळेची घ्यायची, यावरच बैठकीत पहिला वाद झाला. एकाचं म्हणणं, बाहेरच्या माणसाची मेल आली तिथून सुरुवात करा. दुसऱ्याचं म्हणणं, बकेट सर्वांसाठी उघडी झाली ती १४ जूनची रात्र हीच सुरुवात. मी टिपणं घेत होते, आणि माझ्यासमोरच्या कागदांवर त्याच्याही आधीची एक तारीख होती, १२ जून. ती घेतली तर गोष्ट वेगळीच होत होती.

आमची कंपनी पुण्यात आहे. पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. नमुना घेतल्यापासून रिपोर्ट रुग्णाच्या मोबाइलवर जाईपर्यंतचं सगळं आमच्यातून होतं. गिऱ्हाईक म्हणजे सांगली, लातूर, जळगाव, नगर अशा गावांतल्या मध्यम आकाराच्या लॅब. मी दस्तऐवज आणि गुणवत्ता हे खातं सांभाळते, त्यामुळे असं काही घडलं की आढावा बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे येतं. एरवी ते इंग्रजीत असतं. या वेळी ते लॅबमालकांनाही द्यायचं होतं म्हणून मराठीत लिहायचं ठरलं.

घडलं ते थोडक्यात असं. रुग्णांच्या रिपोर्टच्या पीडीएफ अॅमेझॉनच्या क्लाउडवर एका बकेटमध्ये, म्हणजे फायली साठवायच्या जागेत, ठेवलेल्या असतात. ती बकेट जूनच्या मध्यापासून २९ सप्टेंबरपर्यंत जगातल्या कुणालाही पासवर्डशिवाय वाचता येत होती. एवढंच नाही, आत कोणत्या फायली आहेत त्याची यादीही मागता येत होती. सुमारे ४ लाख २० हजार रिपोर्ट. नाव, वय, मोबाइल नंबर आणि रक्त-लघवीचे आकडे. काही रिपोर्ट एचआयव्हीचे.

आता १२ जूनबद्दल. त्या गुरुवारी आमच्या सर्व्हरची किल्ली बदलली. आधी सर्व्हर क्लाउडशी बोलताना वर्षानुवर्षं तीच राहणारी एक गुप्त किल्ली वापरत होता. ती पद्धत धोक्याची, म्हणून ऑडिटच्या शिफारशीनुसार ती काढून तात्पुरत्या किल्ल्यांची पद्धत आणली. या किल्ल्या काही तासांत आपोआप संपतात आणि नव्या येतात. काम अगदी बरोबर होतं. फक्त त्याचा एक परिणाम कुणाच्या लक्षात आला नाही. रुग्णाला एसएमएसने जाणारी लिंक सर्व्हर त्याच किल्लीने सही करून देतो. लिंकवर मुदत सात दिवसांची लिहिलेली असते, पण सही ज्या किल्लीची ती किल्ली संपली की लिंकही मरते, मुदत काहीही लिहिलेली असो. रात्री नऊला पाठवलेला रिपोर्ट रुग्णाने सकाळी आठला उघडला की त्याला पडद्यावर `ExpiredToken` असं दिसायचं. चाचणी करणाऱ्यांनी लिंक पाठवली आणि दोन मिनिटांत उघडून पाहिली. ती उघडली.

म्हणजे सुरक्षा वाढवायला केलेल्या बदलातून पुढचं सगळं निघालं. इतिवृत्त १४ जूनच्या रात्रीपासून सुरू केलं असतं तर ते एका माणसाचं आरोपपत्र झालं असतं. १२ जूनपासून सुरू केल्यावर त्यात किमान चार खाती आली. बैठकीच्या अध्यक्ष, आमच्या ऑपरेशन्सच्या प्रमुख, म्हणाल्या, "ज्या बदलाशिवाय पुढचं घडलंच नसतं, तिथून धरू." पहिली ओळ १२ जूनची झाली.

बैठकीआधी मी त्या रात्री ड्युटीवर असलेल्या इंजिनियरशी एकटीने बोलले. हे मी नेहमी करते. दहा माणसांसमोर आठवून सांगायला लागलेला माणूस घटना सांगत नाही, बचाव सांगतो. शिवाय मी "असं का केलंस?" हे विचारत नाही. "का" म्हटलं की समोरचा कारणं जुळवू लागतो, आणि तीन महिन्यांपूर्वीच्या रात्रीची कारणं आज जुळवली की ती आजचीच असतात. मी विचारते, "तेव्हा पडद्यावर काय होतं? मग काय केलंस? मग काय दिसलं?"

त्याने सांगितलं ते असं. शनिवारी सकाळपासून लॅबवाल्यांचे फोन येत होते. रात्रीपर्यंत तक्रारीची ४३ तिकिटं झाली. त्यातल्या काही लॅबच्या दारात रुग्ण उभे होते, कुणाचं सोमवारी ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांना रिपोर्ट हवा होता. लिंकचा कोड लिहिणारी टीम वेगळी, शनिवार-रविवार सुट्टीवर. त्याच्याकडे तो कोड बदलायचा अधिकार नव्हता. बकेटचे नियम बदलायचा मात्र होता. रात्री त्याने कंपनीच्या विकीवर शोधलं, "बकेटमधली फाइल लिंकने दिसत नाही". एक पान सापडलं, त्यात तयार नमुना होता. तो चिकटवला, बकेटचं नाव बदललं, सेटिंगमधून लिंकांवरची सही बंद करून त्या पुन्हा पाठवल्या, आणि त्या उघडू लागल्या. चॅटवर त्याने लिहिलं, "आता उघडतायत", आणि लगेच एक तिकीट केलं: लिंकची दुरुस्ती झाल्यावर हा नियम काढणे.

विकीवरचा नमुना मी इतिवृत्तात जोडला. इथे त्यातलं फक्त मुख्य कलम दिलं आहे आणि बकेटचं नाव बदललं आहे.

```json
{
  "Effect": "Allow",
  "Principal": "*",
  "Action": ["s3:GetObject", "s3:ListBucket"],
  "Resource": [
    "arn:aws:s3:::example-reports",
    "arn:aws:s3:::example-reports/*"
  ]
}
```

`Principal` समोरची चांदणी म्हणजे कुणीही. `s3:GetObject` म्हणजे फाइल वाचायची परवानगी. फक्त तेवढंच असतं तरी चूकच, पण फाइलचं लांबलचक, अंदाजाने न सापडणारं नाव माहीत असल्याशिवाय बाहेरच्याला काही मिळालं नसतं. दुसरी परवानगी, `s3:ListBucket`, नावांची यादीच हातात देते. लिंका उघडायला तिची गरज नव्हती. ती नमुन्यात होती, कारण ते पान तीन वर्षांपूर्वी आमच्या जाहिरातींच्या वेबसाइटसाठी लिहिलेलं होतं. तिथल्या चित्रांची यादी दिसली तर काही बिघडत नव्हतं. पानावर कुठेही लिहिलेलं नव्हतं की हे फक्त चित्रांसाठी आहे.

या रात्रीचं वाक्य मी तीनदा लिहिलं. पहिल्या मसुद्यात एका सहकाऱ्याने सुचवलेलं वाक्य होतं: "ऑन-कॉल इंजिनियरने नियम न पाळता बकेट सार्वजनिक केली व नंतर ती बंद करण्यास विसरला." मी विचारलं, कोणता नियम? शोधलं तर रुग्णांची माहिती असलेली बकेट उघडी करू नये असा लेखी नियम आमच्याकडे नव्हताच. सगळ्यांना माहीत आहे असं सगळे धरून चालले होते. आणि "विसरला" याला पुरावा काय? उलट त्याने रात्री १२:४० ला तिकीट केलेलं होतं. विसरणारा माणूस तिकीट करत नाही.

मग कुणीतरी दुसऱ्या टोकाला गेलं: "बकेट सार्वजनिक करण्यात आली." हे वाक्य सरकारी पत्रात शोभतं. त्यात कुणालाच दोष नाही, पण माहितीही नाही. कुणाच्या हातून, कोणत्या अधिकाराने, समोर काय असताना, सगळं पुसलं गेलं. दोष टाळायच्या नादात लोक इथे येऊन पोचतात आणि मग मूळ कारण सापडत नाही, कारण ते ज्या तपशिलात असतं तो तपशीलच खोडलेला असतो. माझ्या मते आरोप करणारं इतिवृत्त आणि असं गुळमुळीत इतिवृत्त, दोन्ही सारखीच निरुपयोगी.

शेवटी गेलं ते हे: "१४ जून रात्री ११:५० ते १५ जून १२:२५ या दरम्यान ऑन-कॉल इंजिनियरने विकीवरील नमुना वापरून बकेटचा नियम बदलला. त्या वेळी लिंक न उघडल्याच्या ४३ तक्रारी खुल्या होत्या. लिंकचा कोड बदलण्याचा अधिकार ऑन-कॉल भूमिकेला नव्हता; बकेटचा नियम बदलण्याचा होता. १२:४० वाजता नियम काढण्याचे तिकीट नोंदवले गेले." माणसाचं नाव नाही, भूमिका आहे. तो सोडून दुसरा कुणी त्या खुर्चीत असता तर काय झालं असतं, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतो. बैठकीत अध्यक्षांनी इतर चार ऑन-कॉल इंजिनियरांना तो विचारलाही. दोघे म्हणाले, मीही तेच केलं असतं. एक म्हणाला, मला ते पान सापडलंच नसतं. चौथी गप्प राहिली.

"११:५० ते १२:२५ या दरम्यान" असं मोघम का, हे वकिलांनी विचारलं. कारण नेमकी वेळ आम्हाला माहीत नाही. क्लाउडमध्ये कुणी कोणता नियम बदलला याची नोंद आपोआप होते, पण वेगळी सोय केली नाही तर ती ९० दिवसच दिसते. आम्ही शोधायला बसलो तेव्हा ९० दिवस उलटून गेले होते. म्हणून ११:५० ही शेवटच्या तक्रारीच्या तिकिटाची वेळ आणि १२:२५ ही "आता उघडतायत" या चॅटची वेळ. बदल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. घटनाक्रमाच्या तक्त्यात मी प्रत्येक ओळीला दोन जास्तीचे रकाने ठेवते: हे कशावरून, आणि पक्कं की अंदाज. ज्या ओळीचा "कशावरून" रकाना रिकामा राहतो ती ओळ घटनाक्रमात जात नाही, चर्चेच्या भागात जाते.

वेळेचा आणखी एक त्रास नेहमीचाच. सर्व्हर आणि क्लाउड यूटीसीमध्ये बोलतात, माणसं भारतीय वेळेत. साडेपाच तासांचा फरक. पहिल्या मसुद्यात दोन्ही एकत्र आले होते आणि त्यानुसार चॅट आधी, तक्रार नंतर असं दिसत होतं. वाचणाऱ्याला वाटलं असतं, तक्रार नसतानाच याने बकेट उघडली. सगळं भारतीय वेळेत आणल्यावर क्रम सरळ झाला. मूळ यूटीसी वेळही कंसात ठेवली, कारण पुढे कुणी लॉगशी ताडून पाहील तेव्हा त्याला तीच लागणार.

पुढचे साडेतीन महिने काय होत होतं, हा बैठकीतला सगळ्यात लांबलेला भाग. नियम काढायचं तिकीट होतं, मग तो काढला का गेला नाही? ते तिकीट लिंकच्या दुरुस्तीवर अवलंबून होतं. लिंकच्या दुरुस्तीचं तिकीट सोमवारी सकाळी "तातडीचं" होतं. बुधवारी ते "कमी महत्त्वाचं" झालं. कुणी ते खाली ढकललं नव्हतं. आमच्या पद्धतीत तिकिटाचं महत्त्व गेल्या ४८ तासांतल्या तक्रारींच्या संख्येवरून आपोआप ठरतं. बकेट उघडी झाल्यामुळे लिंका चालू लागल्या, तक्रारी थांबल्या, म्हणून दुरुस्तीची गरज संपली असं यंत्राने मानलं. जितका तात्पुरता उपाय चांगला चालला, तितकी खरी दुरुस्ती मागे गेली. हे वाक्य इतिवृत्तात जवळपास असंच आहे. मला विचाराल तर संपूर्ण आढाव्यात हाच शोध सगळ्यात कामाचा, कारण असली आणखी किती तिकिटं त्या यादीत तळाला पडलेली आहेत हे त्यानंतर पाहिलं गेलं.

मग धोक्याचा इशारा? इशारा जात होता. रोज सकाळी. सार्वजनिक बकेट आढळली तर मेल पाठवणारी तपासणी आमच्याकडे चालू होती. पण जाहिरातींच्या वेबसाइटची चित्रांची बकेट मुद्दामच सार्वजनिक होती, आणि तिच्यामुळे तोच विषय असलेली मेल गेली तीन वर्षं रोज येत होती. ग्रुपमधल्या बहुतेकांनी त्या विषयाला गाळणी लावली होती. १५ जूनपासून त्या मेलमध्ये एकाऐवजी दोन नावं येऊ लागली, विषय तोच राहिला. इथे एकाने लिहायला सांगितलं, "टीमने इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केले." मी लिहिलं, "इशाऱ्याच्या विषयात नवीन बकेट व जुनी अपेक्षित बकेट यांत फरक दिसत नव्हता." पहिल्या वाक्यातून "सर्वांनी मेल काळजीपूर्वक वाचाव्यात" एवढंच निघतं. दुसऱ्यातून दुरुस्ती निघते.

"मूळ कारण" या रकान्यात एकच ओळ लिहायची जागा असते. मी तो फॉर्म पाळला नाही. किल्लीचा बदल, विकीचं पान, तिकिटाचं आपोआप घसरणं, इशाऱ्याची मेल, यांतलं कोणतंही एक नसतं तर किमान एवढे दिवस बकेट उघडी राहिली नसती. एक ओळ हवीच असेल तर ती अशी झाली: रुग्णांची माहिती असलेली बकेट सार्वजनिक होऊच नये अशी कोणतीही तांत्रिक अटकाव व्यवस्था क्लाउडच्या खात्यात चालू नव्हती. क्लाउडवर अख्ख्या खात्यासाठी सार्वजनिक प्रवेश बंद करायचं एक बटण असतं. एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटना हा अटकाव आपोआप लागतो, पण आमची बकेट त्याआधीची. आणि खात्यासाठीचं बटण बंद ठेवलं होतं, का, तर चित्रांची बकेट त्याच खात्यात होती.

बैठकीला दोन लॅबमालक ऑनलाइन होते. त्यातले सांगलीकडचे एक डॉक्टर बराच वेळ ऐकून म्हणाले, "हे सगळं ठीक आहे हो. पण ज्याने केलं त्याचं नाव मला लेखी हवं. उद्या माझ्या पेशंटने विचारलं तर मी काय सांगू, विकीचं पान चुकलं म्हणून?"

अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं, "डॉक्टर, पेशंटला जबाबदार कंपनी आहे, आणि कंपनीतर्फे माझं नाव पत्रावर आहे. त्यावर तुम्ही मला पकडा." डॉक्टरांचं समाधान झालं असं मला वाटलं नाही. पण थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "त्या ४३ तक्रारींत माझ्या लॅबची होती का?" होती. ती त्यांच्यापुरती सांगितली, इतिवृत्तात लॅबची नावं घातली नाहीत.

डॉक्टरांची मागणी वेडी नव्हती. मोठ्या माणसांनीही तसं केलेलं आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत इक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. ऑक्टोबरमध्ये अमेरिकन संसदेपुढे नुकतेच पायउतार झालेले त्यांचे मुख्याधिकारी रिचर्ड स्मिथ यांनी एका माणसाकडे बोट दाखवलं: अपाचे स्ट्रट्सची दुरुस्ती करायची सूचना त्याने पुढे पोचवली नाही. पुढच्या वर्षीच्या चौकशी अहवालांत वेगळंच चित्र आलं. दुरुस्ती करायची सूचना मार्चमध्ये कंपनीत मेलने फिरली होती. त्रुटी शोधणाऱ्या स्कॅनला ती असुरक्षित जागा सापडलीच नाही. आणि आतबाहेर जाणारी वाहतूक तपासणाऱ्या यंत्राचं प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वी संपलेलं असल्याने ते यंत्र एन्क्रिप्ट केलेल्या वाहतुकीकडे आंधळं झालं होतं. जुलैच्या अखेरीला नवं प्रमाणपत्र बसवल्याबरोबर चोरी दिसली. त्या एका माणसाचं नाव घेऊन यातलं काहीही दुरुस्त झालं नसतं.

नाव न घेण्याला एक मर्यादा आहे आणि ती आम्ही इतिवृत्ताच्या वर दोन ओळींत लिहितो. कुणी मुद्दाम माहिती विकली, लॉग पुसले किंवा चौकशीत खोटं सांगितलं असा पुरावा आला तर ही बैठक थांबते आणि विषय वेगळ्या प्रक्रियेत जातो. तिथे नावं येतात. दोन्हीचे कागद एकत्र ठेवायचे नाहीत, नाहीतर पुढच्या वेळी माझ्या एकटीशीसुद्धा कुणी खरं बोलणार नाही.

नुकसान किती, हा रकाना भरायला सगळ्यात जड गेला. बकेटमधून कुणी कोणती फाइल नेली याची नोंद आमच्याकडे नव्हती. ती सोय मुद्दाम सुरू करावी लागते आणि ती केलेली नव्हती. मग हिशेब विभागातल्या एकीने क्लाउडचं बिल काढलं. बिलात बकेटमधून बाहेर गेलेल्या डेटाचा रोजचा आकडा असतो. एरवी तो दिवसाला २ जीबीच्या आसपास. १९ आणि २० ऑगस्ट या दोन दिवसांत मिळून नेहमीपेक्षा ३१ जीबी जास्त. आमच्या पीडीएफची सरासरी १८० केबी. भागाकार केला तर सुमारे १ लाख ७२ हजार फायली. लॅबने स्वतः केलेली मोठी उतरवणूक असेल का, हेही पाहिलं. ती सर्व्हरमार्फत जाते आणि बिलात वेगळ्या ओळीत येते, तिथे त्या दोन दिवसांत काही नव्हतं.

पण हा भागाकार म्हणजे पुरावा नाही. एकच फाइल दोनदा गेली असेल, मोठ्या फायलीच जास्त गेल्या असतील, आणि थोड्या थोड्या करून रोज नेल्या असत्या तर बिलात दिसल्याच नसत्या. म्हणून इतिवृत्तात लिहिलं: "किमान दोन दिवस मोठ्या प्रमाणात उतरवणूक झाल्याची शक्यता आहे. कोणाचे रिपोर्ट गेले व कोणाचे गेले नाहीत हे सांगता येत नाही. त्यामुळे सर्व ४ लाख २० हजार रिपोर्ट उघड झाले असे धरून पुढील कार्यवाही." मार्केटिंगकडून "गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही" असं एक वाक्य सुचवलं गेलं होतं. शब्दशः खरं, आणि दिशाभूल करणारं. पुरावा ठेवणारी नोंदच नसेल तर तो आढळणार कसा? ते वाक्य मी घेतलं नाही.

तसाच प्रश्न मेलच्या वेळेचा. बाहेरच्या एका सुरक्षा संशोधकाने बकेट उघडी असल्याची मेल आमच्या सर्वसाधारण सपोर्टच्या पत्त्यावर पाठवली, शुक्रवारी २६ सप्टेंबरला रात्री ९:१२ ला. ती उघडली गेली सोमवारी सकाळी ९:४० ला. १०:२१ ला चालू नियमाची प्रत जपून ठेवली, १०:२५ ला बकेट बंद झाली. ही चार मिनिटांची शिस्त मला फार आवडली. घाईत आधी पुसून टाकलं असतं तर बकेटला वरचाच नमुना लागला होता हे दाखवता आलं नसतं. दुपारी १:५० ला सर्ट-इनला कळवलं.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून किंवा लक्षात आणून दिल्यापासून सहा तासांत कळवायची असते. सोमवारी मेल उघडल्यापासून धरलं तर आम्ही सव्वाचार तासांच्या आत होतो. शुक्रवारी मेल येऊन पडल्यापासून धरलं तर चौसष्ट तास उलटले होते. बैठकीत दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं. वकिलांचं म्हणणं, हा कायद्याचा अर्थ लावायचा प्रश्न आहे, त्याचं मत वेगळ्या कागदावर देईन. मी दोन्ही वेळा लिहिल्या आणि उशीर झाला की नाही याबद्दल एक शब्दही लिहिला नाही. कोणती वेळ खरी मोजायची हे ठरवणाऱ्याला दोन्ही मिळायला हव्यात.

राहिल्या दुरुस्त्या. इथे मात्र माणसांची नावं हवीत. घटनाक्रमात नाव टाळायचं आणि दुरुस्तीपुढे "टीम" लिहायचं, अशी दोन्हीकडची मोकळीक घेतली की काम कुणाचंच राहत नाही. प्रत्येक दुरुस्तीपुढे एक नाव, एक तारीख, आणि झाली हे कशावरून कळेल त्याची एक ओळ. "सर्वांना प्रशिक्षण देणे" आणि "यापुढे काळजी घेणे" या दोन सूचना आल्या. झाल्या हे कशावरून कळेल, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं, म्हणून त्या यादीत गेल्या नाहीत.

पहिली दुरुस्ती खात्याचं बटण चालू करायची. आधी चित्रांची बकेट वेगळ्या खात्यात हलवावी लागली, त्याला आठवडा गेला. झालं हे कशावरून? एक चाचणी बकेट घेऊन विकीवरचाच तो जुना नमुना तिला लावायचा, आणि क्लाउडने तो नाकारला पाहिजे. त्या इंजिनियरने स्वतः हे काम मागून घेतलं. नमुना लावल्यावर पडद्यावर `AccessDenied` आलं, त्याचं चित्र दुरुस्तीच्या नोंदीला जोडलेलं आहे.

दुसरी लिंकची. आता एसएमएसमधली लिंक थेट फाइलकडे जात नाही. ती आमच्या पानावर नेते, रुग्ण मोबाइलवर आलेला आकडा टाकतो, आणि त्या क्षणी पाच मिनिटांची नवी लिंक तयार होते. किल्ली काही तासांत संपली तरी फरक पडत नाही, कारण प्रत्येक लिंक ताजी असते. चाचणीची पद्धतही बदलली: पाठवलेला एसएमएस दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून पाहायचा. त्यातून एक नवी अडचण निघाली. अनेक वृद्ध रुग्णांच्या रिपोर्टवर मोबाइल नंबर मुलाचा असतो आणि मुलगा पुण्यामुंबईला. आकडा त्याच्याकडे जातो, रिपोर्ट हवा असतो आईला. यावर अजून तोडगा नाही. ती ओळ यादीत खुली आहे आणि तिच्यापुढे उत्पादन प्रमुखांचं नाव आहे.

फायली वाचल्याची नोंद सुरू झाली. ती किती ठेवायची यावर खर्चाचा वाद झाला, पण सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग देशात ठेवायला सांगितलं आहे, त्यामुळे तो वाद लवकर मिटला. नियम कुणी बदलले याची नोंदही आता ९० दिवसांवर थांबत नाही. सुरक्षेसाठी वेगळा मेल पत्ता झाला, तो वेबसाइटवर `security.txt` या ठरलेल्या फाइलमध्ये दिला, आणि त्यावर मेल आली की ऑन-कॉल माणसाचा फोन वाजतो, शनिवारीही. तिकिटांची आपोआप घसरण बंद करायला मात्र विरोध झाला. सपोर्टचे लोक म्हणाले, ती नसेल तर यादी तुंबेल. तडजोड अशी झाली की ज्या तिकिटावर दुसरं तिकीट अवलंबून आहे ते खाली जाणार नाही.

इतिवृत्त सगळ्या हजर लोकांना वाचायला पाठवलं तेव्हा सहा दुरुस्त्या आल्या. पाच वेळांच्या आणि आकड्यांच्या. सहावी त्या इंजिनियरची होती. त्याने लिहिलं, "मी तिकीट केलं हे खरं, पण दुसऱ्या आठवड्यात मी ते पाहिलं होतं आणि लिंकचं काम व्हायचं आहे म्हणून तसंच ठेवलं. हेही घाला." कुणीही त्याला विचारलं नव्हतं. २४ जूनची ती ओळ घटनाक्रमात गेली, कशावरून या रकान्यात "ऑन-कॉल इंजिनियरची माहिती, तिकिटाच्या पाहिल्याच्या नोंदीशी जुळते" असं लिहून. आणि तिच्यामुळे यादीत आणखी एक दुरुस्ती आली: तात्पुरत्या उपायाच्या तिकिटाला शेवटची तारीख असेल, आणि त्या तारखेला ते पुढे ढकलायचं असेल तर दुसऱ्या माणसाची सही लागेल.